४१६ म्हणजे कोल्हापूरच का?

नमस्कार. निपाणीहून कागलला जाताना कोगनोळी ओलांडली की पत्त्यातला पहिला आकडा बदलतो. निपाणी ५९१२३७, कागल ४१६२१६. आपल्या पिनकोडात पहिला आकडा विभाग सांगतो. ५ मध्ये कर्नाटक येतं, ४ मध्ये महाराष्ट्र आणि गोवा. पहिले तीन आकडे मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट सांगतात. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपल्याच भाषेतल्या एका संस्कृत पंडितानं.

सीमाभागात राहिल्यामुळे आपल्याला ५९० आणि ४१६ बघताक्षणी ओळखू येतात, आणि माझी चूक तिथंच झाली. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची निमंत्रणं पाठवायची होती. माजी विद्यार्थ्यांचे पत्ते एका तक्त्यात गोळा केले, पण देशाचा रकानाच ठेवला नाही. एका पत्त्यात कोड ५९० नं सुरू होत होता, म्हणून मी ते पाकीट बेळगावच्या गठ्ठ्यात टाकलं. आठवड्यानं ते ‘पत्ता सापडत नाही’ म्हणून परत आलं. ती माजी विद्यार्थिनी सिंगापूरला होती.

सिंगापूरचा कोडही सहा आकडीच असतो, १९९५ पासून. तिथं पहिले दोन आकडे शहराचा भाग सांगतात. ५९ म्हणजे अप्पर बुकिट तिमाहकडचा भाग. परत आलेलं पाकीट मी नीट वाचलं तेव्हा कळलं की खुणा सगळ्या समोरच होत्या. ‘ब्लॉक १२’ लिहिलं होतं आणि कोडाचे शेवटचे तीन आकडे ०१२ होते. तिथल्या सरकारी वसाहतींत बहुतेक वेळा असंच असतं, इमारतीचा क्रमांक कोडाच्या शेपटीला येतो. शिवाय पत्त्यात `#07-` असं होतं, म्हणजे सातवा मजला आणि पुढं घराचा क्रमांक. बेळगावात असा पत्ता कुणी लिहीत नाही. आपल्याकडे घर नंबर, गल्ली, देवळाजवळ, असंच येतं.

यातला मूळ फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपला पिन एका पोस्टाचा असतो, त्यात अख्खी गल्लीच काय, कितीतरी गावं बसतात. सिंगापूरचा कोड साधारण एका इमारतीचा. म्हणून तक्त्यात वेगवेगळ्या गल्ल्यांचे दहा पत्ते एकाच कोडाखाली दिसले तर ते सिंगापूरचे नाहीत असं समजायला हरकत नाही. कोड एकटा असेल तर मात्र त्यावरून काही ठरत नाही.

आता ४१६ घेऊ. कोल्हापूर शहर ४१६००१ पासून. चीनमध्ये हूनान प्रांतातल्या जिशौचा कोड ४१६०००. रशियात आस्त्राखान प्रांतातली गावं ४१६ नं सुरू होतात. आणि सिंगापुरात ४१ म्हणजे गेलांग, यूनोसकडचा भाग. चार देश, आकडे तेच. नुसत्या कोडावरून देश सांगणारी यादी इथं हरते, मग ती कागदावर असो की संगणकात. कोडाशेजारच्या गावाचं नाव त्या कोडाच्या प्रदेशाशी जुळतं का, एवढंच बघायचं. कोड ४१६ चा आणि गाव जिशौ असेल तर कोल्हापूर आपोआप बाद.

उलट बाजूनं एक खूण पक्की आहे. भारताचा पिन शून्यानं कधीच सुरू होत नाही. सिंगापूरचा होतो, मरीना बे सँड्सचा ०१८९५६ आहे. रुमानियाचाही होतो, बुखारेस्टचे कोड ०१ ते ०६ नं सुरू होतात. म्हणजे सहा आकडे आणि सुरुवातीला शून्य असेल तर तो पत्ता आपला नाही, हे पाकीट न उघडता सांगता येतं.

फक्त ते शून्य टिकलेलं असलं पाहिजे. एक्सेलमध्ये कोडाचा रकाना संख्या म्हणून ठेवला की पुढचं शून्य गळतं आणि ०१८९५६ चं १८९५६ होतं. मग पाहणाऱ्याला ते पाच आकडी दिसतं, आणि पाच आकडे म्हटले की अमेरिका, जर्मनी, फ्रान्स सगळेच दारात उभे राहतात. आमच्या तक्त्यात असा एक पत्ता होता, आणि अमेरिकेचं तिकीट लावायची तयारीही झाली होती. पत्त्यात राज्याचं नाव नव्हतं म्हणून एका मुलीला शंका आली आणि तिनं फोन लावला. त्यानंतर आम्ही कोडाचा रकाना ‘मजकूर’ असा करून घेतला, आणि त्याच्या डाव्या बाजूला देशाचा नवा रकाना घातला. तो भरायला दोन संध्याकाळी लागल्या.