जन्मवेळ नक्की नसेल तर पत्रिका कशी जुळवावी?

नमस्कार. आजचा विषय थोडा नाजूक आहे. मुलाची किंवा मुलीची जन्मतारीख नक्की आहे, जन्मगाव ठाऊक आहे, पण वेळ विचारली की घरात कोणी "पहाटे" म्हणते, कोणी "दिवेलागणीला" म्हणते, आणि शेवटी कोणीतरी संगणकात दुपारचे बारा टाकून गुणमेलनाचा कागद काढून आणते. त्या कागदावर साडेवीस गुण असे अर्ध्या गुणापर्यंतचे उत्तर असते आणि ते पाहून स्थळ पुढे नेले जाते किंवा नाकारले जाते. उत्तर कितीही बारीक असले तरी ते ज्या वेळेवरून निघाले ती वेळच अंदाजाची होती, हे त्या कागदावर कुठेही लिहिलेले नसते. माझ्याकडे आलेल्या एका पत्रिकेच्या आधाराने हा प्रश्न उलगडून दाखवतो. ओळख पटेल असे सर्व तपशील बदलले आहेत.

मुलाचा जन्म सांगली भागातल्या एका खेड्यात, घरी, फेब्रुवारीच्या दहा तारखेच्या आसपास झाला. जन्मदाखला होता, पण आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. प्रसूती रुग्णालयात झाली असती तर तिथल्या नोंदवहीत किंवा घरी जाताना दिलेल्या कार्डावर वेळ मिळाली असती. इथे तो मार्ग नव्हता. वडील म्हणाले, "मी कारखान्यातून पाळी संपवून आलो, तेव्हा पाच-साडेपाच झाले असतील." आई म्हणाली, "छे, दिवे लागले होते." म्हणजे सायंकाळी पाच ते साडेसात असा अडीच तासांचा पट्टा हाती आला. मी वेळेचा एक आकडा मागत नाही, हा पट्टा मागतो, आणि तो मिळाल्याशिवाय पत्रिकेला हात लावत नाही.

आता या पट्ट्यात काय बदलते आणि काय बदलत नाही ते पाहावे लागते. वर्णापासून नाडीपर्यंतचे छत्तीस गुण केवळ चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून ठरतात, त्यांतला एकही गुण जन्मलग्नावर, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीवर, अवलंबून नाही. चंद्राला एक नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो, तर जन्मलग्नाची रास सरासरी दर दोन तासांनी बदलते. त्यामुळे त्या दिवशी तुमच्या पट्ट्यात चंद्राचे नक्षत्र किंवा रास बदलत नसेल, तर वेळ अंदाजाची असूनही गुणमेलन पूर्ण विश्वासाने करता येते. हे समजले तर निम्म्या लोकांची काळजी तिथेच मिटेल. मंगळ, सप्तम स्थान, नवमांश मात्र लग्नावरून पाहायचे असतात. तिथे अडीच तास फार मोठे आहेत.

[पडद्यावर: पंचांगातील त्या दिवसाची ओळ – पूर्वा नक्षत्र समाप्ती सायं. ५:५०, नंतर उत्तरा]

या मुलाच्या बाबतीत नेमके नक्षत्रच पट्ट्याच्या आत बदलत होते. नक्षत्र समाप्तीची वेळ भारतात सगळीकडे एकच धरायची असते, तिला गावानुसार संस्कार द्यावा लागत नाही. तो संस्कार सूर्यास्ताला आणि लग्नाला लागतो. पाच वाजून पन्नास मिनिटांच्या आधी जन्म असेल तर पूर्वा फाल्गुनी, नंतर असेल तर उत्तरा फाल्गुनीचे पहिले चरण. दोन्हीकडे रास सिंहच. मुलगी अनुराधा नक्षत्राची, वृश्चिक राशीची. तिची वेळ रुग्णालयाच्या नोंदीतली होती.

पूर्वा धरले तर साधारण वीस गुण येतात आणि दोघांची मध्य नाडी, म्हणजे एकनाड होते. उत्तरा धरले तर नाडी आद्य होते, आठ गुण एकदम मिळतात, योनीतही थोडी वाढ होते आणि बेरीज साधारण एकोणतीसवर जाते. कोष्टकागणिक एखादा गुण इकडेतिकडे होईल, पण चित्र तेच राहते. तीच मुलगी, तोच मुलगा, वेळेत फरक तासाभराचा, आणि एका कागदावर स्थळ नाकारण्याचे कारण, तर दुसऱ्या कागदावर उत्तम मेलन. अशा वेळी दोन्हींची सरासरी काढून "पंचवीस गुण आहेत, चालेल" असे म्हणणे चूक आहे, कारण चंद्र एका क्षणी एकाच नक्षत्रात असतो.

इथे जन्मवेळेच्या शुद्धीकरणाचे गणित लागत नाही, चौकशी लागते. त्या दिवशी त्या गावी सूर्यास्त साधारण सहा पस्तीसला होता. दिवेलागण सूर्यास्ताच्या आसपास होते, पाऊण तास आधी नव्हे. म्हणजे आईची आठवण खरी असेल तर नक्षत्र उत्तराच. पण एका आठवणीवर मी थांबत नाही. मी विचारले, "बारशाला नावरस काढली होती का?" आत्याने जुन्या पेटीतून एक चिठ्ठी शोधून आणली. पिवळा पडलेला, चार घड्या घातलेला कागद, कोपऱ्यात हळदीचा डाग, आणि त्यावर गुरुजींच्या अक्षरात एवढेच, "सिंह रास, चरणाक्षर टे". पूर्वाची चरणाक्षरे मो, टा, टी, टू अशी आहेत आणि टे हे उत्तराच्या पहिल्या चरणाचे अक्षर आहे. बाळ बारा दिवसांचे असताना, सगळ्यांच्या आठवणी ताज्या असताना घरच्यांनी गुरुजींना जी वेळ सांगितली, ती पाच पन्नासच्या नंतरची होती, एवढे त्या चिठ्ठीवरून निश्चित समजते. आईची आठवण आणि चिठ्ठी हे दोन स्वतंत्र पुरावे एका बाजूला आले, वडिलांचा अंदाज दुसऱ्या बाजूला राहिला, आणि मी उत्तरा नक्षत्र स्वीकारले.

अशी चौकशी करताना मध्यरात्रीनंतरच्या जन्माकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या घरांत वार सूर्योदयाला बदलतो. आजी "सोमवारी रात्री दीडला" म्हणते तेव्हा दिनदर्शिकेप्रमाणे मंगळवार असतो. कागदावर सोमवारची तारीख लागली की पूर्ण चोवीस तास चुकतात आणि नक्षत्र एक घर मागे जाते. वार आणि तारीख वेगवेगळे विचारून ताडून पाहिले की ही चूक लगेच सापडते.

गुणमेलनाचा प्रश्न सुटला, मंगळाचा मात्र सुटला नाही. दिवे लागल्यानंतरचा जन्म म्हटले की पट्टा साधारण साडेसहा ते साडेसात असा राहतो, आणि त्या गावी त्या दिवशी सहा सत्तेचाळीसच्या सुमारास कर्क लग्न संपून सिंह लग्न सुरू होत होते. मंगळ मिथुनेत. कर्क लग्न घेतले तर तो बाराव्या स्थानी, म्हणजे पत्रिकेला मंगळ आहे. सिंह लग्न घेतले तर तो अकराव्या स्थानी, म्हणजे मंगळ नाही. या टप्प्यावर मुलाच्या घरचे म्हणाले, "गुरुजी, वेळ शुद्ध करून द्या."

जन्मवेळेच्या शुद्धीकरणात आयुष्यातल्या ठळक घटना घेऊन कोणत्या लग्नाला त्या अधिक जुळतात ते पाहतात. याची मर्यादा आधी सांगायला हवी. पंधरा मिनिटांच्या फरकाने या मुलाच्या विंशोत्तरी महादशांच्या तारखा जेमतेम तीन आठवड्यांनी सरकतात, आणि लोकांना घटना महिन्याच्या हिशेबाने आठवतात. म्हणजे दशेच्या तारखांवरून इथे निवड होऊच शकत नाही. उरते ते भावांवरून, म्हणजे पत्रिकेतल्या स्थानांवरून, केलेले वाचन. त्यासाठी घटनाही पुरेशा हव्यात, आणि विवाहेच्छू मुलामुलींचे आयुष्य अजून थोडेच घडलेले असते. विवाह आणि संतती या सर्वांत उपयोगी घटना तर अजून व्हायच्याच असतात.

एक गणिती रीतही प्रचारात आहे. लग्नाच्या अंशांना ८१ ने गुणायचे आणि आलेले स्थान जन्मनक्षत्रात किंवा त्याच्या त्रिकोणातल्या नक्षत्रांत पडते का ते पाहायचे. ती ऐकायला अचूक वाटते. पण लग्न चार मिनिटांत सुमारे एक अंश पुढे जाते, म्हणजे दर मिनिटाला पाव अंश. त्याला ८१ ने गुणले की वीस अंश होतात. जुळणारी तीन नक्षत्रे एकमेकांपासून १२० अंशांवर असतात, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक वेळ आपोआप "शुद्ध" ठरते. तासाभराच्या पट्ट्यात अशा दहा वेळा निघतील. वेळ मिनिटभराच्या आत आधीच ठाऊक असेल तर ही रीत ताळा म्हणून वापरता येईल, अनोळखी वेळ शोधण्यासाठी तिचा उपयोग नाही.

तरीही मी घटना घेतल्या. एकूण पाच घटना मुलाकडून लिहून घेतल्या, त्यांतल्या तीन उघडल्या आणि दोन पाकिटात बंद ठेवल्या. हा नियम मी मोडत नाही, कारण सगळ्या घटना आधीच समोर असतील तर अनुभवी माणूस कोणतेही लग्न त्यांना बसवून दाखवू शकतो. दुसरा नियम असा की शुद्धीकरण करताना मुलीची पत्रिका टेबलावर नसते. कोणत्या उत्तराने स्थळ जमते हे माहीत असले की हात त्याच बाजूला वळतो, आणि यात लबाडीच असावी लागते असे नाही.

मुलाने सोळाव्या वर्षी, मंगळाच्या महादशेच्या सुरुवातीला घर सोडले आणि सहा वर्षे शिक्षणासाठी कर्ज काढून पुण्यात वसतिगृहात काढली. कर्क लग्नाचा बाराव्या स्थानातला मंगळ घराबाहेरचे राहणे आणि खर्च सांगतो, म्हणून हे छान जुळले. पण सिंह लग्नाला तोच मंगळ चतुर्थाचा आणि भाग्याचा स्वामी होऊन लाभात बसतो, आणि उच्च शिक्षण व त्यातून आलेली नोकरी त्यालाही तितकीच शोभते. उरलेल्या दोन घटनांतली एक कर्केकडे झुकली, एक सिंहेकडे. मग पाकीट उघडले. बंद घटनांबद्दल मी दोन्ही लग्नांवरून आधी लिहून ठेवलेले अंदाज पाहिले. प्रत्येक लग्नाचा एक बरोबर आला, एक चुकला.

मी त्यांना सांगितले की माझ्याकडून जन्मलग्न ठरत नाही. मुलाचे काका नाराज झाले. ते म्हणाले, "सिंह लग्न लिहून टाका, कोण विचारतंय?" पण मुलीकडच्यांनी पत्रिका विश्वासाने पाहायला दिलेली असते, आणि मंगळ निघून जावा म्हणून निवडलेली वेळ लिहून देणे ही त्यांची फसवणूक आहे. ते मी केले नाही.

दोन्ही घरांना एकच कागद दिला. त्यावर तीन परिच्छेद होते. पहिल्यात लिहिले की नक्षत्र उत्तरा फाल्गुनी, प्रथम चरण, दोन पुराव्यांवर स्वीकारले आहे. गुण साधारण एकोणतीस, नाडी भिन्न, आणि साडेसहा ते साडेसात या संपूर्ण पट्ट्यात हे बदलत नाही. दुसऱ्यात लिहिले की चंद्राकडून आणि शुक्राकडून पाहता मंगळदोष नाही, हेही पट्टाभर कायम आहे. तिसऱ्यात लिहिले की लग्नाकडून व्ययातला मंगळ असण्याची शक्यता आहे, जन्म सहा सत्तेचाळीसच्या आधीचा असल्यास तो आहे, नंतरचा असल्यास नाही, आणि नवमांशावरून व सप्तमेशावरून केलेले कोणतेही विधान या पत्रिकेत आधाराला घेऊ नये.

मुलीच्या वडिलांनी तिसरा परिच्छेद दोनदा वाचला. त्यांनी विचारले, "म्हणजे मंगळ आहे असं धरून चालायचं का?" मी म्हटले, "तुमच्या घरी मंगळ मानत असाल तर होय, आहे असे धरूनच निर्णय घ्या, कारण नाही असे मी लिहून देऊ शकत नाही." त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला आणि घरी बोलून कळवतो म्हणाले.