गोळी तीच, पण रक्तातला आकडा वेगळा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते ज्यांच्या कुत्र्याला आकडी येते, म्हणजे अपस्माराचे झटके येतात, आणि ज्यांच्या घरात रोज सकाळ-संध्याकाळ फिनोबार्बिटलची गोळी दिली जाते त्यांच्याशी. गोळी कशी भरवायची हे तुम्ही कधीच शिकला असाल. झटका चालू असताना तोंडात हात घालायचा नाही, हेही तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते दोन गोष्टींबद्दल. एक, झटक्यांची वही. दुसरी, रक्तातली औषधाची पातळी. या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवूनच वाचायच्या असतात. वही एकटी पुरत नाही, रिपोर्टही एकटा पुरत नाही.

मी पशुवैद्य म्हणून काम करते आणि हे समजावताना मी नेहमी वाघ्याची गोष्ट सांगते.

वाघ्या तीन वर्षांचा, वजन 20 किलो. महिन्यातून दोन-तीनदा झटका यायचा, तोही बहुतेक पहाटे. तपासण्यांत दुसरं काही कारण सापडलं नाही, म्हणून औषध सुरू केलं: 60 मिलिग्रॅम सकाळी, 60 मिलिग्रॅम संध्याकाळी. घरात आजी आणि त्यांचा कॉलेजात जाणारा नातू. वही आजींनी धरली. शाळकरी मुलांची असते तसली चौकटीची वही, दोरीनं गोळ्यांच्या डब्याला बांधलेली. गोळी दिली की वेळ लिहून टिक. झटका आला की सुरू झाल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि खाली एक ओळ. त्यातली एक मला तोंडपाठ आहे: "5.10 ला सुरू, दीड मिनिट, चारही पाय ताठ, मग पोहल्यासारखे हलवले, लघवी झाली, 5.40 पर्यंत मला ओळखलं नाही." डॉक्टरला हवं ते सगळं या ओळीत आहे.

पहिले पंधरा दिवस वाघ्या झोपाळलेला होता, मागचे पाय लटपटत होते, पाणी भरपूर प्यायचा, भूक वाढलेली. हे सगळं अपेक्षितच होतं. झोप आणि लटपट बहुधा काही आठवड्यांत ओसरते, तहान आणि भूक मात्र काही कुत्र्यांमध्ये टिकून राहते. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं. पातळी 23 आली, म्हणजे एका मिलिलिटर रक्तद्रवात 23 मायक्रोग्रॅम औषध. झटके थांबले. घरातले खूश, मीही खूश.

चौथ्या महिन्यात नातू आला तो रागावलेलाच. "डॉक्टर, त्याला गोळ्यांची सवय झाली. महिन्यात दोन झटके आले. दुसरं औषध द्या."

मी वही मागितली. सगळ्या टिका जागेवर होत्या, वेळा बारा-बारा तासांच्या. वजन 20 किलोच, कारण आजी दर महिन्याला वजन लिहायच्या. गोळीनंतर उलटी झाल्याची नोंद नाही. दुसरं कुठलं औषध मध्ये चालू झालं नव्हतं. म्हणजे घरच्यांकडून काहीच चुकलं नव्हतं, आणि तरी झटके परतले होते. रक्त घेतलं. पातळी 16.

श्रोतेहो, गोळी तीच, डोस तोच, मग 23 चे 16 कसे झाले? फिनोबार्बिटल यकृताला स्वतःलाच मोडायला शिकवतं. यकृतातली औषध मोडणारी विकरं पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत वाढत जातात. टाकीत येणारं पाणी तेवढंच, पण तळाचं भोक मोठं होत गेलं, तसं समजा. सुरुवातीला रक्तातलं औषध निम्मं व्हायला दीड ते तीन दिवस लागतात, पुढे ते त्याहून लवकर निम्मं होतं. म्हणून पुन्हा सांगते: दोन आठवड्यांनी आलेला चांगला आकडा पुढे तसाच राहील असं धरून चालू नका. पहिली तपासणी दोन आठवड्यांनी, मग साधारण सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, आणि पुढे दर सहा महिन्यांनी. डोस बदलला की पुन्हा दोन आठवड्यांनी. त्याआधी रक्त काढून उपयोग नसतो, कारण पातळी अजून वर चढतच असते.

वाघ्याचं औषध निकामी झालेलं नव्हतं, ते रक्तात पुरेसं उरतच नव्हतं. मग हिशेब साधा होता. मला 24 च्या आसपास पातळी हवी होती आणि हातात होती 16, म्हणजे दीडपट. दिवसाचे 120 मिलिग्रॅम होते, त्याचे 180 केले: 90 सकाळी, 90 संध्याकाळी. दोन आठवड्यांनी पातळी 25, आणि झटके थांबले. हा हिशेब घरी करू नका, डॉक्टरांनीच करायचा. पण तो असतो हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे डोस वाढवताना आधी आकडा बघितला का, हे तुम्ही विचारू शकाल.

आता गोष्टीतला मला सर्वांत आवडणारा भाग.

पुढची सहामाही तपासणी आली तेव्हा ही मंडळी नातेवाइकांकडे गेली होती. रक्त तिकडेच कुठेतरी काढलं. रिपोर्ट आला 17. नातवाचा फोन: "डॉक्टर, मागच्यासारखंच झालं. दीडपट वाढवू ना? गोळ्या आहेत माझ्याकडे."

मी म्हटलं, "अरे थांब. आधी आजींना फोन दे."

आजींनी वही वाचून दाखवली. मागच्या वेळेसारखंच टिका पूर्ण, वजन तेवढंच. पण एक फरक होता. चार महिन्यांत एकही झटका नाही. पहाटेची धडपड नाही, तंद्री लागणं नाही, तोंडाची चुळबुळ नाही. आधीच्या खेपेला 16 वर हा कुत्रा पुन्हा झटके देत होता, आणि आता 17 वर तो चार महिने शांत? मला ते पटेना. मी विचारलं, "आजी, रक्त कसल्या नळीत घेतलं, आठवतं का?" त्या म्हणाल्या, "पिवळ्या टोपणाची होती. तळाशी काहीतरी चिकट दिसत होतं. आणि बाई म्हणाली, उद्या पाठवू."

ते चिकट म्हणजे जेल. रक्तातला द्रव वेगळा राहावा म्हणून काही नळ्यांत ते घातलेलं असतं. फिनोबार्बिटल त्या जेलमध्ये शोषलं जाऊ शकतं, आणि नळी जितका वेळ पडून राहील तितका आकडा खाली येतो. कुत्र्याच्या अंगात औषध पुरेसं होतं, कमी झालं होतं ते नळीत. परत आल्यावर साध्या, जेल नसलेल्या नळीत, नेहमीच्याच वेळेला रक्त घेतलं. पातळी 24.

नातवानं त्या दिवशी डोस दीडपट केला असता, तर 24 ची पातळी 35 च्या आसपास गेली असती. 35 च्या वर यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो, आणि ती इजा बाहेरून लवकर कळत नाही. दोनदा कमी आकडा आला. एकदा तो खरा होता, एकदा खोटा. दोन्ही वेळा ते कळलं आजींच्या वहीवरून.

यावरून माझं एक ठाम मत सांगते. मोबाईलवर झटक्याचा व्हिडिओ जरूर घ्या, डॉक्टरला तो फार उपयोगी पडतो. पण वही कागदाचीच ठेवा. मोबाईल एका माणसाच्या खिशात असतो, वही घरातल्या सगळ्यांसमोर असते. सकाळची गोळी दिली की नाही हे शेजारून आलेल्या बाईंनाही कळतं. आणि डॉक्टर मंडळींनीही डोस सुवाच्य, मिलिग्रॅममध्ये लिहावा. "अर्धी गोळी" असं लिहिणं मला मुळीच मान्य नाही. गोळी 30 ची आहे की 60 ची, यावर सगळं अवलंबून असतं. माणसांच्या दवाखान्यातही हेच व्हायला हवं, पण तो विषय आजचा नाही.

तर नळीचं पुन्हा एकदा. टोपणांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, रंगावर विसंबू नका. "यात जेल नाही ना?" एवढं विचारा. आणि दर वेळी रक्त गोळीपासून साधारण तितक्याच वेळानं काढा, म्हणजे आकड्यांची तुलना करता येते. पातळीबरोबर यकृताच्या तपासण्याही होतात. त्यात अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, या औषधानं ते बहुतेक कुत्र्यांत वाढतं. अल्ब्युमिन कमी होणं, पित्ताम्ल वाढणं, भूक जाणं, कावीळ, या गोष्टी मात्र गंभीर.

ज्यांच्या कुत्र्याला पोटॅशियम ब्रोमाइड चालू आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवा: ते शरीरात फार हळू साठतं, पातळी स्थिर व्हायला तीनेक महिने लागतात. आणि खाण्यातलं मीठ एकदम वाढलं तर ते लघवीवाटे लवकर निघून जातं. खाणं बदललं की वहीत तारीख लिहा.

एक डोस चुकला तर? आठवताच द्या, पुढचा डोस जवळ आला असेल तर डॉक्टरांना विचारा, पण दोन डोस एकत्र कधीच देऊ नका. आणि वहीत लिहा. चुकलेल्या डोसची नोंद लपवली, तर पुढच्या महिन्यात आलेल्या झटक्याचं कारण कुणालाच सापडणार नाही. गोळ्या संपायला आठवडा उरला की आणून ठेवा, कारण हे औषध अचानक बंद झालं तर झटके आधीपेक्षा जोरात येऊ शकतात. वर्षभर झटका आला नाही म्हणून आपल्या मनानं गोळी थांबवली, तरी तेच होतं. औषध कमी करायचंच ठरलं तर ते डॉक्टर कित्येक महिन्यांत, पायरी पायरीनं करतात.

झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा चोवीस तासांत दोन झटके आले, तर वही नंतर लिहा, आधी दवाखाना गाठा. घड्याळ मात्र झटका सुरू होतानाच बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही पाच मिनिटांचं वाटतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो "किती वेळ?" हाच.

नमस्कार.