काट्यावरचं गाठोडं: पटकथेतून स्टोरीबोर्डकडे
(जळगावातल्या लघुपट करणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

पटकथेतलं एकच दृश्य घेऊ. खेडा खरेदी चालू आहे. आबांच्या अंगणात व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक काटा मांडलाय. काट्यावरचा माणूस कापसाचं गाठोडं चढवतो आणि त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या कडेला मागून गुडघ्याचा आधार देतो. वजन कमी दिसतं. जमिनीवर बसलेल्या नातवाच्या ते लक्षात येतं. कागदावर हे सगळं अर्ध्या पानाचं आहे.

पेन्सिल चौकटीवर टेकवण्याआधी पटकथेत खुणा करा. प्रेक्षकाला जे नवीन कळतं, त्याच्याखाली रेघ ओढा. इथे चारच रेघा येतात: कोण कुठे उभं आहे, पहिला आकडा, गुडघा, आणि उतरलेला आकडा. त्यापुढे नातवाचं बोलणं. बहुतेक वेळा एका रेघेला एक शॉट पुरतो. प्रत्येक वाक्याला एक शॉट देत गेलात, तर या अर्ध्या पानाचे पंधरा शॉट होतील आणि त्यातले निम्मे संकलनात बाहेर जातील.

आता शॉटचा आकार. पहिला लाँग शॉट, ओट्याच्या बाजूने, उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून. डावीकडे व्यापारी, उजवीकडे आबा, मध्ये काटा, आणि काट्यावरचा माणूस गाठोड्याच्या पलीकडे. तो पलीकडेच हवा, नाहीतर गुडघा पहिल्याच शॉटमध्ये दिसेल आणि पुढचं सगळं फुकट जाईल. दुसरा मिड शॉट. आबा विचारतात, "काटा बराबर शे ना, भाऊ?" व्यापारी म्हणतो, "शे ना आबा, आकडा दखा." तिसरा आकड्याचा क्लोज-अप: ४१.२.

चौथा शॉट या दृश्याचा जीव आहे. कॅमेरा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, म्हणजे बसलेल्या नातवाच्या डोळ्यांच्या उंचीवर. गाठोडं काट्याबाहेर लोंबतंय, त्याच्याखालच्या फटीतून पलीकडचा गुडघा दिसतो. लो अँगल म्हटलं की माणूस मोठा, दांडगा दाखवायचा, असं आपल्याकडे पाठ झालेलं असतं. इथे तसलं काही नाही. त्या उंचीवरूनच गुडघा दिसतो आणि त्या उंचीवर फक्त पोरगं बसलंय, एवढंच कारण आहे. पाचव्यात आकडा ३८.६ वर येतो. सहाव्यात नातू: "आबा, त्याना गुडघा दखा."

चौथा आणि पाचवा शॉट उलटे लावून बघा. आकडा आधी उतरला तर प्रेक्षक कोड्यात पडतो, गुडघा आधी दिसला तर तो आबांची काळजी करत बसतो. दोन्ही चालतं, पण निवड चौकटीतच करा, कारण शूटिंगच्या दिवशी त्यावर वाद घालायला वेळ नसतो.

व्यापारी आणि आबा यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ धरा. आपला कॅमेरा सगळे शॉट ओट्याच्या बाजूनेच घेतो, नातूही त्याच बाजूला बसलाय. एखादा मिड शॉट 'तिकडून उजेड बरा आहे' म्हणून पलीकडून घेतलात, की आबा अचानक डावीकडे जातात आणि दोघांनी जागा बदलल्यासारखं वाटतं. म्हणून पहिल्या चौकटीशेजारी अंगणाचा वरून दिसणारा छोटा नकाशा काढा आणि त्यावर कॅमेऱ्याच्या जागांना शॉटचे क्रमांक द्या.

वेळेची नोंद अंदाजाने लिहू नका. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशोब पूर्ण चित्रपटाला ढोबळमानाने लागतो, एका दृश्यात तो फसवतो. 'गाठोडं काट्यावर चढवतो' हे वाचायला एक सेकंद लागतो, चढवायला पाच-सहा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावा, संवाद मोठ्याने म्हणा, कृती करून बघा. आपल्या दृश्यात लाँग शॉट ६ सेकंद, मिड ४, पहिला आकडा २, गुडघा ३, उतरणारा आकडा ३, नातू ४, असे २२ सेकंद होतात. पाचव्या शॉटचे ३ सेकंद फोडून लिहा: १ सेकंद ४१.२ स्थिर, अर्ध्यात उतरतो, उरलेला दीड सेकंद ३८.६ स्थिर. जुना आकडा डोळ्यांत बसल्याशिवाय नवा कमी आहे हे कळत नाही. मग चौकटींचे फोटो त्या त्या वेळेइतके लावून, खाली रेकॉर्ड केलेले संवाद टाकून मोबाईलवर चालवून बघा. गुडघ्याचे ३ सेकंद कमी पडतात की जास्त होतात, ते तिथेच समजतं.

आकड्याच्या दोन्ही चौकटींखाली एक तांत्रिक टीप हवीच. काट्याचे लाल एलईडी आकडे सतत पेटलेले दिसले तरी ते वेगाने लुकलुकत असतात. आपल्याकडच्या कडक उन्हात मोबाईल आपोआप शटरचा वेग वाढवतो आणि मग चित्रात आकडे अर्धवट तुटलेले येतात, शिवाय उन्हाने फिके पडतात ते वेगळंच. म्हणून लिहा: 'शॉट ३ आणि ५ ओसरीच्या सावलीत, शटर १/५० वर लॉक, आधी चाचणी.' ही ओळ नसली तर पूर्ण दृश्य घेऊन झाल्यावर काटा पुन्हा मागवावा लागतो.