तीन दवाखाने, पण एकाच बैठकीत

मंडळी, संयोजकांनी मला विषय दिलाय दवाखान्यांच्या जागा ठरवण्याच्या पद्धतीचा. तीन नवे दवाखाने उघडायचे आहेत, लोकांची पायपीट एकूण कमीत कमी व्हावी, तर ते कुठे उघडायचे? पद्धत मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट सांगते, कारण गेली कित्येक वर्षं ती माझ्या मनात सलते आहे आणि आज ऐकायला तुम्ही इतकी माणसं बसला आहात.

एका कार्यालयाच्या समितीवर मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, गावांचीही नाही. गावांना आपण अ, ब, क, ड, इ, फ म्हणू. आकडे डोक्यात राहावेत म्हणून गोळाबेरीज करून सांगते. एकच रस्ता, त्यावर सहा गावं. अ रस्त्याच्या सुरुवातीला, तिथे ३०० माणसं. तिथून ४ किलोमीटरवर ब, सगळ्यात मोठं, ४०० माणसं. १० किलोमीटरवर क, २०० माणसं. १६ वर ड, ३००. २० वर इ, फक्त १००. आणि पार टोकाला, ३० किलोमीटरवर फ, २००. एकूण दीड हजार.

पैसे तीन वर्षांत तीन हप्त्यांनी येणार होते, म्हणून समितीने ठरवलं की दरवर्षी एक जागा निवडायची. पहिल्या वर्षी एकच दवाखाना. तुम्ही असता तर कुठे काढला असता? हात वर करा बघू. ब म्हणणारे? बरेच आहात. क म्हणणारे? हो, एकच दवाखाना असेल तर क हेच बरोबर.

ब सगळ्यात मोठं असूनही क का, ते नीट पाहू. दवाखाना ब मध्ये आहे असं धरा आणि तो रस्त्याने एक किलोमीटर क कडे सरकवा. अ आणि ब मिळून ७०० माणसांना एक किलोमीटर जास्त पडलं, पण पुढच्या ८०० माणसांचं एक किलोमीटर वाचलं. म्हणजे सरकवणं फायद्याचं. क ओलांडून पुढे गेलात की मागे ९०० आणि पुढे ६००. आता तोटा. ज्या गावाशी माणसांची निम्मी संख्या पार होते, ते गाव म्हणजे मध्यक. इथे माणसं मोजायची असतात. फ गाव ३० किलोमीटरवर आहे की ५० वर, याने या एका जागेत काहीच फरक पडत नाही. सरासरी काढायची सवय लागलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

प्रत्येक गावाची माणसं गुणिले त्यांना पडणारं अंतर, अशी बेरीज केली की क साठी १२,२०० येतात. त्याला आपण माणूस-किलोमीटर म्हणू. दुसऱ्या वर्षी समितीने क तसंच ठेवून उरलेली पाच गावं तपासली. सर्वात चांगलं निघालं ब, बेरीज ८,००० वर आली. तिसऱ्या वर्षी फ, बेरीज ४,०००. तीन वर्षांत १२,२०० वरून ४,०००! अहवालावर अभिनंदनाचा ठराव झाला. दर वर्षीची निवड त्या वर्षापुरती अगदी अचूक होती, एकाही बेरजेत चूक नव्हती.

चौथ्या वर्षी मी क च्या दवाखान्यात गेले होते. टेबलावर रुग्णांची नोंदवही होती, लांब निळी, कडेला दोरीने पेन बांधलेलं. सहज चाळली. 'गाव' या रकान्यात ड, ड, क, ड, इ, क, ड. पानामागून पान. परिचारिकाबाई म्हणाल्या, "इथली माणसं कमीच हो मॅडम, सगळा ड चा लोंढा असतो. सकाळची पहिली गाडी आली की मग रांग लागते." मी वही मिटली आणि कागद काढला. क च्या दवाखान्याच्या वाट्याला तीन गावं आली होती: क ची २००, ड ची ३०० आणि इ ची १००. या सहाशेंचा मध्यक कुठे येतो? क मध्ये नाही, ड मध्ये. म्हणजे दवाखाना स्वतःच्याच रुग्णांच्या दृष्टीने चुकीच्या गावात उभा होता.

पहिल्या वर्षी ही जागा बरोबर होती, कारण तेव्हा तिला सहाही गावं सांभाळायची होती. ब ला दवाखाना झाला आणि डावीकडची ७०० माणसं क च्या हातून गेली. ज्यांच्यासाठी क ला मध्यावर बसवलं, तीच माणसं उरली नाहीत. पण क ला आता हलवणार कोण? इमारत झाली, नळजोडणी झाली, कोनशिला बसली.

तेच तीन दवाखाने ब, ड आणि फ इथे असते तर? अ च्या लोकांना ४ किलोमीटर, म्हणजे १,२००. क ला ब आणि ड दोन्हीकडे ६ किलोमीटर, कुठेही गेले तरी १,२००. इ च्या शंभरांना ४ किलोमीटर, ४००. बेरीज २,८००. समितीची ४,०००. जास्तीचे १,२०० माणूस-किलोमीटर, दीड हजार माणसांत वाटले तर प्रत्येकी ८०० मीटर, तेही एकदा जाण्याचे, परतीचे वेगळे. पैसे तीन हप्त्यांनी येऊ देत, इमारती तीन वर्षांत बांधा, पण तिन्ही जागा पहिल्याच बैठकीत एकत्र ठरवा आणि मग बांधण्याचा क्रम लावा. हे मला आज सांगायचं होतं. त्या बैठकीत मी ते पुरेशा जोरात सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते आहे.

जाता जाता अंतराचंही सांगते. त्याच समितीत एक सदस्य नकाशावर पट्टी ठेवून म्हणत होते, इ ते फ फार तर चार किलोमीटर, फ ला वेगळा दवाखाना कशाला? पट्टीने चार हे खरंच होतं. पण मधे नदी, आणि पुलावरून जायचं म्हणजे दहा. रस्त्याचं अंतर सरळ रेषेच्या सव्वा ते दीडपटीच्या आसपास असणं नेहमीचं. एखाद्या जोडीत ते दुपटीच्या वर गेलं की ती जोडी हाताने तपासायची: नदी आहे, घाट आहे, की आकडाच चुकलाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. म्हणजे जे सांगायला बोलावलं ते आता भरभर.

या प्रश्नाला पी-मध्यक म्हणतात, पी म्हणजे दवाखान्यांची संख्या, आपल्याकडे तीन. लागतं काय, तर प्रत्येक गावाची माणसं, प्रत्येक गावापासून प्रत्येक संभाव्य जागेपर्यंत रस्त्याचं अंतर, आणि तीन हा आकडा. निर्णय दोन प्रकारचे: दवाखाना कुठे उघडायचा आणि कोणतं गाव कुठल्या दवाखान्याला जोडायचं. जोडणी सोपी आहे, दवाखान्याला कितीही रुग्ण झेपतात असं धरलं तर गाव जवळच्या दवाखान्याला जातं. क्षमतेची मर्यादा घातली की तेवढं सरळ राहत नाही. जागा मात्र गावांतच शोधायच्या की दोन गावांच्या मधे रस्त्यावरही? हकीमी यांनी १९६४ मध्ये एका जागेसाठी आणि १९६५ मध्ये अनेक जागांसाठी सिद्ध केलं की रस्त्यांच्या जाळ्यात सर्वोत्तम उत्तरांपैकी निदान एक तरी नेहमी गावांवरच असतं. मघाशी आपण दवाखाना एक एक किलोमीटर सरकवला, त्यामागचा विचार तोच. त्यामुळे अगणित जागांचा प्रश्न मोजक्या जागांचा होतो.

मोजक्या म्हणजे किती? सहा गावांतून तीन निवडायचे प्रकार फक्त वीस. माझ्याकडे कागदावर वीसही मांडलेले आहेत, ब-ड-फ हेच एकटं पहिलं येतं. शंभर गावांतून तीन निवडायचे प्रकार १,६१,७००. संगणकाला हे काहीच नाही, सगळे तपासता येतात. तीन जागांसाठी एकेक करून निवडण्याची पळवाट मुळात घ्यायलाच नको. शंभरातून दहा निवडायचे म्हटलं तर मात्र प्रकार सतरा लाख कोटींच्या वर जातात. तिथे १९६८ मध्ये टाइट्झ आणि बार्ट यांनी मांडलेली अदलाबदल वापरतात: हातात आहे त्या निवडीतून एक गाव काढा, बाहेरचं एक आत घ्या, बेरीज उतरली तर ठेवा, नाही तर परत. एकाही अदलाबदलीने उतरेनाशी झाली की थांबा. आपल्या समितीच्या ब-क-फ वर ही एकदाच चालवली, क काढून ड घेतलं, की ४,००० चे २,८०० होतात. प्रत्येक वेळी ती सर्वोत्तमापर्यंत नेईल अशी हमी नाही, म्हणून वेगवेगळ्या सुरुवातींपासून अनेकदा चालवायची.

शेवटचं, आणि हे घाईत सांगावं लागतंय याचं मला वाईट वाटतं. बेरीज दूरच्या छोट्या गावाची बाजू घेत नाही. फ मध्ये २०० ऐवजी ८५ माणसं असती तर? फ ला दवाखाना दिला तर बेरीज २,८००. तो काढून तिसरा दवाखाना क ला दिला तर क चे १,२०० वाचतात आणि फ चे ८५ गुणिले १४, म्हणजे १,१९० वाढतात. दहाचा फायदा, म्हणून फ चा दवाखाना गेला. त्या गावात ८६ वं माणूस असतं तर तो राहिला असता. एका घरात एक मूल जन्मलं की एका गावाचा दवाखाना ठरतो, इतकी ही पद्धत काठावर येऊन उभी राहू शकते. म्हणून उत्तर हातात आलं की लोकसंख्येचे आकडे थोडे वरखाली करून पुन्हा चालवायचं आणि कुठलं गाव हलतंय ते पाहायचं.

त्यावर उपाय म्हणजे अंतराची कमाल मर्यादा आधीच घालणं. समजा फ मध्ये फक्त ५० माणसं आहेत. नुसती बेरीज पाहिली तर सर्वोत्तम उत्तर २,३०० चं, आणि त्यात फ च्या माणसाला १४ किलोमीटर जावं लागतं. कुणालाही १० किलोमीटरपेक्षा जास्त पडू नये अशी अट घातली की उत्तर पुन्हा ब-ड-फ वर येतं, बेरीज २,८००. अटीची किंमत ५०० माणूस-किलोमीटर, आता एकूण साडेतेराशे माणसांत प्रत्येकी साधारण ३७० मीटर. समितीपुढे हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे आणि ते ३७० मीटर द्यायला तयार आहात का, हे त्यांना तोंडावर विचारायचं.