बासरीजवळचा माइक: फुंकर, श्वास आणि तार सप्तक

(दृश्य: बासरीच्या मुखरंध्राचे जवळून चित्रण. पेन्सिलीला बांधलेली पातळ कागदाची पट्टी रंध्रासमोर धरली आहे.)

वादकाने षड्ज लावला आहे आणि कागदाची पट्टी फडफडते आहे. मुखरंध्राच्या अगदी समोर, चार बोटांच्या अंतरावर ती जवळजवळ आडवी होते. तीच पट्टी वीतभर वर, कपाळाच्या रेषेत नेली की ती स्थिर राहते. ओठांतून निघालेला हवेचा झोत रंध्राच्या पलीकडच्या कडेवर आपटतो, त्यातला काही भाग नळीत शिरतो आणि उरलेला समोर निघून जातो. नाद मात्र वर, खाली, बाजूला, सगळीकडे पसरतो. जिथे नाद पोहोचतो पण झोत पोहोचत नाही, अशी जागा माइकसाठी शोधायची आहे आणि त्या शोधाची सुरुवात या कागदाच्या पट्टीपासून करावी, असे आमचे मत आहे.

ही बासरी पांढरी तीनची आहे, सुमारे पंचाहत्तर सेंटिमीटर लांबीची. रागसंगीतात अशी लांब, खर्जाची बासरी रुजवण्याचे श्रेय पन्नालाल घोष यांना दिले जाते. तिचा मंद्र पंचम सुमारे २४७ हर्ट्झचा, मध्य षड्ज ३३० हर्ट्झचा आणि तार पंचम ९८८ हर्ट्झचा आहे. हे आकडे पुढे उपयोगी पडणार आहेत.

ध्वनिमुद्रण मुंबईतील एका सदनिकेच्या खोलीत होत आहे. छत खाली आहे आणि भिंती एकमेकींच्या जवळ आहेत. माइक मीटरभर दूर नेला तर फुंकरीचा त्रास कमी होतो, पण खोलीचा घुमारा बासरीवर चढतो आणि मींडेची बारीक वळणे पुसट होतात. म्हणून जवळूनच मुद्रण करणे भाग होते.

(दृश्य: माइक मुखरंध्रासमोर, पंधरा सेंटिमीटरवर.)

पहिल्या दिवशी आम्ही माइक इथे ठेवला आणि हेडफोनमध्ये दोन वेगवेगळे दोष ऐकू आले. फुंकर जोरात सुटली की बोट आपटल्यासारखा ‘थप्’ असा जड आवाज येई. हा झोत माइकच्या पडद्यावर थेट आदळल्याचा परिणाम होता. त्याशिवाय स्वराभोवती सतत एक ‘सूं’ ऐकू येई. तो कडेवर फाटणाऱ्या हवेचा आवाज असतो आणि थोड्या प्रमाणात तो बासरीच्या नादाचाच भाग आहे. तो पूर्ण काढून टाकला तर बांबू नाहीसा होतो आणि शिट्टी उरते.

दुसरी अडचण अंतराची होती. यमनाच्या आलापात वादक मींड घेताना पाच सेंटिमीटर मागे झुकत, आणि माइक पंधरा सेंटिमीटरवर असल्यामुळे तेवढ्याने पातळी अडीच डेसिबलने खाली येई. माइक तीस सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्याच हालचालीने जेमतेम १.३ डेसिबलचा फरक पडतो. जवळ म्हणजे किती जवळ, याचा निर्णय आम्ही या हिशेबावर घेतला.

(दृश्य: माइकचा स्टँड वर उचलला जातो.)

आता माइक कपाळाच्या उंचीवर आहे, बासरीपासून तीस सेंटिमीटरवर, आणि त्याचे तोंड खाली, मुखरंध्र व बोटांचे पहिले छिद्र यांच्या मधल्या जागेकडे वळवलेले आहे. झोत त्याच्या खालून निघून जातो. त्याला आणखी उजवीकडे, बोटांच्या बाजूला सरकवले तर ‘सूं’ अजून कमी होते, पण तिथे वेगळाच दोष उद्भवतो. बासरीचा नाद मुखरंध्रातून आणि उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो. बोटे बदलली की त्याची जागाही बदलते आणि सगळी छिद्रे बंद असताना तो टोकाकडून येतो. त्यामुळे माइक एखाद्या छिद्राच्या फार जवळ असला की एक स्वर पुढे येतो आणि शेजारचा मागे पडतो. हे ओळखण्यासाठी मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत एकाच जोराने संथ आरोह वाजवून घ्यावा. स्वर पायऱ्यांसारखे उंचसखल ऐकू आले, तर माइक फार उजवीकडे गेला आहे असे समजावे.

पातळी ठरवताना आमच्याकडून चूक झाली. आम्ही ती आलापावर ठरवली, आणि द्रुत गतीत तार पंचम येताच आवाज फाटला. अशा फाटलेल्या मुद्रणाला नंतर फारसा उपाय नसतो. दुसऱ्या दिवशी वादकांना आधी तार सप्तकातली सर्वांत जोरकस तान वाजवायला सांगितले, तिचे शिखर कमाल पातळीच्या बारा डेसिबल खाली राहील अशी पातळी ठेवली आणि मुद्रण चोवीस बिटमध्ये केले. आलाप पडद्यावर बारीक दिसला तरी त्याने बिघडत नाही.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर तार पंचमाचा ध्वनिआलेख.)

मुद्रणानंतरचे पहिले काम सोपे आहे. या बासरीत दीडशे हर्ट्झच्या खाली एकही स्वर नाही. तिथे असते ती फुंकरीची धडधड आणि रस्त्याची घरघर. एकशेवीस हर्ट्झच्या खालचा भाग उतरवला तरी मंद्र पंचमाला धक्का लागत नाही.

तार सप्तकाच्या टोचणाऱ्या स्वरांबाबत मात्र हमखास गफलत होते. गाण्यातला ‘स’ बोचतो तेव्हा सहा-सात हजार हर्ट्झचा भाग दाबतात, आणि त्याच सवयीने बासरीचाही तोच भाग दाबला जातो. तिथे बासरीची ‘सूं’ असते. ती दबते, नाद मंद होतो आणि टोचणी तशीच राहते. पडद्यावरचा आलेख पाहा: ९८८ हर्ट्झच्या पंचमाचा तिसरा स्वरांश २९६४ हर्ट्झवर उंच उभा आहे, आणि मानवी कान साधारण याच पट्ट्यात सर्वाधिक तीक्ष्ण असतो. म्हणून आम्ही तीन हजार हर्ट्झभोवतीचा पट्टा फक्त तो स्वर ठरावीक पातळीच्या वर गेल्यावरच, तेही तीन डेसिबलपर्यंत, खाली येईल अशी योजना केली. तो पट्टा कायमचा खाली ठेवला असता तर मध्य सप्तकाची चमकही गेली असती.

ही टोचणी वादनातही थोडी आवरता येते. ओठ थकले की तार स्वरासाठी फुंकर जास्त लागते आणि कर्कशपणा वाढतो; म्हणून तार सप्तकाची द्रुत गत दिवसाच्या शेवटी ठेवू नये. बासरी ओठांवर किंचित आत वळवली की झोत आखूड होतो आणि स्वर मऊ होतो, पण तो उतरतोही, म्हणून तंबोऱ्याशी जुळवूनच हे करावे लागते.

राहिला श्वास घेतानाचा आवाज. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की आवाज आपोआप बंद करणारी योजना इथे वापरू नये. ती स्वराची शेपूट तोडते, आणि प्रत्येक श्वासाला मागचा तंबोरा व खोलीची शांतताही नाहीशी होते. आम्ही प्रत्येक श्वास हाताने निवडून सहा ते आठ डेसिबलने खाली घेतला.

(दृश्य: वादक हेडफोन लावून ऐकत आहेत. बोटे मांडीवर ताल धरून आहेत.)

द्रुत गतीच्या तिसऱ्या आवर्तनात, समेआधी, वादकांनी हात वर करून थांबायला सांगितले. तिथला श्वास त्यांना ऐकू आला नाही आणि त्यामुळे पुढचा तार षड्ज घाईने आल्यासारखा वाटला. तेवढा एक श्वास आम्ही मूळ पातळीवर परत आणला, आणि तेच आवर्तन आता तुम्ही ऐकणार आहात.