आरशातला कपडा आणि कॅमेऱ्यातला कपडा

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी दहाची मीटिंग असली की आपण कपाट उघडतो आणि आरशात बघून कपडा ठरवतो. आरसा कपडा आहे तसा दाखवतो, लॅपटॉपचा कॅमेरा मात्र त्यात आपल्या परीनं ढवळाढवळ करतो. आधी तो समोरचा उजेड मोजतो, मग रंग जुळवून घेतो आणि शेवटी चित्र इंटरनेटवरून पाठवता यावं म्हणून ते दाबून लहान केलं जातं. कपडा बिघडतो तो या तीन ठिकाणी. म्हणून रोज व्हिडिओ कॉल करणाऱ्यांनी कपडे कसे निवडावेत, हे आज याच क्रमानं पाहू.

सुरुवात पांढऱ्यापासून. समजा, क्रीम रंगाच्या भिंतीसमोर तुम्ही बसला आहात, डाव्या हाताला खिडकी आहे आणि अंगात पांढराशुभ्र कुर्ता. चौकटीचा मोठा भाग आता उजळ झाला. कॅमेरा सगळ्या चौकटीचा सरासरी उजेड बघतो, त्याला तो जास्त वाटतो आणि तो चित्र काळवंडवतो. कुर्ता आता डोळ्यांना बरा दिसतो, पण चेहरा मात्र झाकोळतो. सावळ्या वर्णाच्या माणसांना याचा त्रास सगळ्यात जास्त, कारण चेहरा आणि कपडा यांच्यातलं अंतर मुळातच मोठं असतं. काही कॅमेरे चेहरा ओळखून त्यालाच उजेड जुळवतात. मग उलटं होतं: चेहरा नीट येतो, पण कुर्त्याच्या चुण्या, शिवण, बटणपट्टी सगळं पुसलं जाऊन तिथं नुसता पांढरा डाग उरतो. काळ्या कपड्यात याच्या विरुद्ध घडतं. कॅमेरा उजेड वाढवतो आणि कपाळ, नाकाचा शेंडा चमकायला लागतात.

म्हणून मधल्या छटा निवडाव्यात. मोरपंखी, गर्द निळा, डाळिंबी, वांगी, बाटलीचा हिरवा, करडा असे रंग बहुतेक सगळ्या वर्णांवर चालतात. कुठलाही रंग निवडताना एकच कसोटी लावा: कपडा चेहऱ्यापेक्षा स्पष्टपणे गडद किंवा स्पष्टपणे फिका असला पाहिजे. बदामी, बिस्किटी, मातकट असे त्वचेच्या जवळ जाणारे रंग छोट्या चौकटीत मानेला चिकटतात आणि गळा कुठं संपला, कपडा कुठं सुरू झाला ते कळत नाही. भिंतीचंही तसंच. क्रीम भिंतीपुढं क्रीम शर्ट घातला आणि मागं कृत्रिम पार्श्वभूमी लावली, की सॉफ्टवेअरला खांद्याची कड सापडत नाही आणि बोलता बोलता अर्धा खांदा गायब होतो.

भडक लाल आणि राणी रंगाबद्दल थोडं सावध राहावं. व्हिडिओ दाबताना उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची वेगळी ठेवतात, रंगाची मात्र साधारणपणे चार ठिपक्यांत मिळून एकच. त्यामुळं भडक लाल कपड्याची कड धूसर होते, रंग बाजूला पसरल्यासारखा वाटतो. तोच लाल थोडा काळपट, म्हणजे डाळिंबाच्या दाण्याकडं झुकणारा घेतला, तर हा त्रास बराच कमी होतो. पोपटी आणि लिंबू रंगाचा दोष वेगळा आहे. खिडकीचा उजेड कपड्यावर आपटून वर हनुवटीखाली पडतो आणि मान आजारी असल्यासारखी हिरवट दिसते. हनुवटीखाली पांढरा कागद धरून पाहा, त्याच्यावर रंग उमटलेला दिसेल.

आता नक्षीकडं येऊ, कारण सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. बारीक चौकड्यांचा शर्ट प्रत्यक्षात किती नीटनेटका दिसतो! कॅमेऱ्यात मात्र त्याच्यावर पाण्यासारख्या लाटा हलू लागतात. त्याचं कारण साध्या हिशेबात सांगते. लॅपटॉपपासून दोन फुटांवर बसलं, की चौकटीत साधारण 80 ते 90 सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतो. दहा-बारा माणसांच्या मीटिंगमध्ये तुमची चौकट 320 ठिपके रुंद असेल, तर एका ठिपक्याच्या वाट्याला अडीच मिलिमीटरहून जास्त कापड आलं. एक गडद आणि एक फिकी अशी रेषांची जोडी दाखवायला किमान दोन ठिपके लागतात, म्हणजे अर्धा सेंटिमीटरहून थोडं जास्तच. त्याहून बारीक रेषा कॅमेऱ्याच्या जाळीत बसत नाहीत, त्यांची खोटी, जाडी नक्षी तयार होते, आणि तुम्ही जरा हललात की ती वाहायला लागते. समोरचा माणूस मग तुमच्या तोंडाकडं न बघता छातीवरच्या लाटांकडं बघत बसतो.

म्हणून रेष असेल तर ती एक सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद असावी, नाहीतर सरळ एकरंगी कापड घ्यावं. दोन रंगांत फारसा फरक नसेल, तर बारीक नक्षीही चालते. ताणा आणि बाणा जवळच्या रंगांचे असलेल्या खणाच्या ब्लाउजवरची बुट्टी लांबून एकाच रंगाची दिसते, लाटा उठवत नाही. काळ्या-पांढऱ्या बारीक चौकडीला मात्र कॅमेऱ्यासमोर जागाच नाही. साडी नेसणाऱ्यांना रुंद काठाचा छान उपयोग होतो, खांद्यावरून तिरका येणारा काठ चेहऱ्याखाली एक ठसठशीत रेघ देतो. फक्त तो जरीचा असेल, तर दिवा समोरून येऊ देऊ नका. जरीची तार चमकते आणि तिथं पांढरे ठिपके उमटतात. सुती काठ जास्त निवांत दिसतो.

उरला गळा. चौकटीत हनुवटीखाली जेमतेम वीतभर कापड दिसतं, त्यामुळं गळ्याचा आकार हाच जवळजवळ पूर्ण पोशाख ठरतो. रुंद बोटनेक आरशात शोभतो, पण चौकटीची खालची कड वर आली तर दोन्ही बाजूंना नुसते खांदेच उरतात. गळ्याखाली किमान चार बोटं कापड चौकटीत दिसलंच पाहिजे. उथळ व्ही गळा मान लांब दाखवतो, म्हणून बहुतेकांना तो शोभतो. तो किती खोल चालेल, हे ताठ बसून ठरवू नका. स्क्रीनवरचं बारीक अक्षर वाचायला वाकतो तसं पुढं झुकून पाहा. बंद गळा किंवा चायनीज कॉलर आखूड मानेला जड जाते, विशेषतः लॅपटॉप मांडीवर असला आणि कॅमेरा खालून बघत असला तर. वरचं एक बटण उघडं ठेवा आणि लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या पातळीला आणा. शर्टाची कॉलर मऊ पडली असेल, तर तिची टोकं बाहेर लोळतात आणि दिवसभर थकल्यासारखं दिसतं. टोकांना बटणं असलेली कॉलर हा त्यावरचा सोपा उपाय.

कपड्यांची परीक्षा आदल्या रात्री दिव्याखाली घेऊ नका; मीटिंगच्या वेळच्या उजेडातच घ्या. नेहमीच्या खुर्चीत बसून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढा. पहिले पाच सेकंद स्थिर बसा, मग हळूहळू डावीकडं-उजवीकडं हला, मग पुढं झुका. तो व्हिडिओ खिडकी लहान करून, काडेपेटीएवढ्या आकारात बघा. लाटा हलताहेत का, हनुवटीच्या खाली कड दिसते का, चेहरा कपड्याआधी नजरेत येतो का, एवढंच पाहायचं. पाच-सहा कपडे या परीक्षेत उतरले, की ते कपाटात एका बाजूला वेगळे लावून ठेवा. सोमवारी सकाळी हात आपोआप तिकडंच जाईल.