ती नदीवर की तीन दीवर?

पडद्यावर एक ओळ आहे आणि ती शब्दांत तोडायची, हे कोडे आहे: तीनदीवरपाणीआणायलागेली. अक्षरे तेरा आहेत आणि मधे कुठेही जागा सोडलेली नाही. मोडी लिपीतले जुने कागद वाचणाऱ्यांना हे रूप परके वाटणार नाही, कारण मोडीत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली शब्द न तोडता मजकूर लिहीत असत.

या ओळीत तेरा अक्षरांच्या मधे बारा फटी आहेत आणि प्रत्येक फटीत तोडायचे की नाही, असे दोन पर्याय असल्यामुळे एकूण ४०९६ विभागण्या होतात. आपल्या छोट्या शब्दकोशात ती, तीन, नदी, नदीवर, वर, पाणी, आणायला आणि गेली एवढेच शब्द आहेत. दर वेळी सापडेल तो सर्वांत लांब शब्द उचलायचा, ही युक्ती पहिल्याच पावलावर फसते. ‘तीन’ उचलले की पुढे ‘दीवर’ उरते आणि तिथे वाट संपते.

म्हणून कोडे उलट प्रश्न विचारून सोडवतात: ओळीच्या आरंभापासून या फटीपर्यंतचा मजकूर पूर्णपणे शब्दांत तोडता येतो का? उत्तर होकारार्थी आले की त्या फटीवर खूण करायची आणि ते पुन्हा तपासायचे नाही. पहिल्या अक्षरानंतर ‘ती’मुळे खूण होते, दुसऱ्यानंतर ‘तीन’मुळे. तिसऱ्या अक्षरानंतरची खूण मात्र ‘तीन’च्या पुढे जाऊन मिळत नाही, पहिल्या खुणेपासून ‘नदी’ जुळते म्हणून ती मिळते. चौथ्यानंतर काहीच नाही. पाचव्यानंतर खूण, सातव्यानंतर ‘पाणी’, अकराव्यानंतर ‘आणायला’ आणि तेराव्यानंतर ‘गेली’. शेवटच्या अक्षरानंतर खूण पडली, म्हणजे ओळ तोडता येते.

पाचव्या खुणेपाशी मात्र दोन वाटा येऊन मिळतात. ‘ती नदीवर’ अशीही विभागणी बसते आणि ‘ती नदी वर’ अशीही, आणि शब्दकोशाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. मराठीत शब्दयोगी अव्यय नामाला जोडून लिहितात, त्यामुळे पहिलीच निवडावी लागते. हा निर्णय शब्दकोश देत नाही, तो वेगळा नियम म्हणून किंवा शब्द किती वेळा वापरात येतात याचा हिशेब घालूनच मिळतो.

संगणकावर एक अडचण आधीच येते. ‘ती’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण युनिकोडमध्ये ते ‘त’ आणि वेलांटी असे दोन घटक असतात, त्यामुळे पायथन ही ओळ तेरा नव्हे तर एकवीस लांबीची मोजतो. अक्षरे एकत्र न धरता तोडले, तर ‘त’ एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जाऊ शकते.

आणि शेवटची खूण पडलीच नाही तर? शब्दकोशातून ‘आणायला’ काढून पाहा. शेवटची खूण ‘पाणी’पाशी थांबते आणि पुढची फट रिकामी राहते. गहाळ शब्द त्या खुणेपासून सुरू होतो किंवा आधीच्या एखाद्या खुणेपासून निघून तिला ओलांडून जातो, म्हणून शोध तिथून मागे घ्यायचा असतो.